वांड ठरलेला मुलगा



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'लेबलिंग थिअरी आणि दुय्यम विचलन' असा छापला आहे. तो वाचूनही आपण एवढ्या संख्येनं आलात, याचं श्रेय माझं नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचं आहे. मला बोलायचं आहे ते साधं आहे. शिक्षकांनी एखाद्या मुलाला 'वांड' ठरवलं की त्या मुलाचं पुढे काय होतं, कोणत्या पायऱ्यांनी होतं, आणि नेमक्या कोणत्या पायरीवर आपली शिक्षा उलटी पडायला लागते.

एडविन लेमर्ट नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९५१ साली 'सोशल पॅथॉलॉजी' हे पुस्तक लिहिलं. त्यात तोतरं बोलणारे आहेत, दारुडे आहेत, गुन्हेगार आहेत, वेडे ठरवले गेलेले आहेत. पण आपला मुख्य मुद्दा समजावताना त्यानं उदाहरण घेतलं ते एका शाळकरी पोराचं. मुलगा वर्गात खोडी काढतो, त्याला शिक्षा होते. पुढे नुसत्या धांदरटपणानं त्याच्या हातून गोंधळ होतो, पुन्हा बोलणी बसतात. मग एकदा त्यानं न केलेल्या गोष्टीचं खापर त्याच्यावर फुटतं. बाई किंवा सर सगळ्यांदेखत त्याला 'वाईट मुलगा' म्हणतात. मुलगा चिडतो, चांगला म्हणून वागायची वाट आपल्याला बंद झाली असं त्याला वाटतं, आणि शिक्षकांनी दिलेलीच भूमिका घ्यावी असा मोह होतो. विशेषतः त्या भूमिकेत शिक्षेबरोबर काही कमाईही आहे हे कळल्यावर. लेमर्टनं हे थोडक्यात सांगून सोडून दिलं. आपण मात्र त्या पोराला आपल्या जिल्ह्यात आणू आणि सावकाश बघू.

मी आता सांगतो तो मुलगा कोणत्याही एका शाळेचा नाही. तो मी जुळवलेला आहे, तेव्हा आपल्यापैकी कोणी शेजाऱ्याकडे बघू नये. गंगाखेड तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरचा समजा. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, आठवीला मोठ्या गावच्या हायस्कूलला आला. घरची बोली गोरमाटी. आईबाप दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला जातात.

जुलै महिना. गणिताचे सर अपूर्णांकांचा भागाकार विचारतात. मुलाला येत नाही. तो काहीतरी उत्तर देतो, त्यात घरचा एक शब्द येतो, वर्ग हसतो. तेरा वर्षांचा पोरगा अशा वेळी काय करील? तो ते हसू आपल्या बाजूला वळवून घेतो. सरांच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करतो. आता वर्ग त्याला हसत नाही, त्याच्याबरोबर हसतो. सर त्याला तास संपेपर्यंत उभं करतात. इथवर काही बिघडलेलं नाही. सरांची शिक्षा रास्त आहे, मुलाची खोडीही वयाला साजेशी आहे.

ऑगस्टमध्ये झेंडावंदनाच्या तयारीसाठी बाकं हलवायची असतात. हा अंगानं थोराड, म्हणून पुढे. लोखंडी बाक हातातून निसटतो, फरशीवर आदळतो, मुख्याध्यापक ऑफिसातून धावत येतात. "पुन्हा हाच का?" त्या 'पुन्हा'कडे लक्ष द्या. नक्कल आणि निसटलेला बाक यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्यांना एका माळेत ओवलं ते त्या 'पुन्हा'नं.

सप्टेंबरमध्ये गणिताच्या तासाला मागून कोणीतरी शिट्टी मारतं. फळ्याकडे तोंड करून लिहिणारे सर वळूनही न बघता त्याचं नाव घेतात. शिट्टी त्यानं मारलेली नसते. वर्गाला ते माहीत असतं, ज्यानं मारली त्यालाही माहीत असतं. मुलगा "म्या नाय सर" म्हणतो, सर म्हणतात, "दुसरं कोण असणार?" शेजारच्या पोराचं नाव सांगितलं तर तो चुगलखोर ठरतो, नाही सांगितलं तर गुन्हेगार. तो गप्प बसतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो.

आणि बाहेर व्हरांड्यात त्याला एक शोध लागतो. गणिताच्या तासाला बाहेर उभं राहणं आत बसण्यापेक्षा बरं आहे! आत असता तर त्याला फळ्यावर बोलावलं असतं, भागाकार आला नसता, आणि त्याला वर्गानं 'ढ' म्हटलं असतं. बाहेर काढलेल्याला कोणी 'ढ' म्हणत नाही. त्याला 'वांड' म्हणतात. पोरांच्या बाजारभावात 'ढ' आणि 'वांड' या दोन शब्दांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. 'ढ'ची कीव येते. 'वांडा'चा वचक असतो, मधल्या सुट्टीत त्याच्या भोवती चार पोरं असतात. लेमर्ट ज्याला भूमिकेतली कमाई म्हणतो, ती माझ्या मते आपल्या शाळांत मुख्यतः हीच आहे. अभ्यासात मागे पडलेल्या पोराला वांडपणा हा आपली लाज झाकायचा सगळ्यात स्वस्त उपाय असतो.

शाळाही त्या भूमिकेचा उपयोग करून घेते, हे कबूल करायला हवं. पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं उचलायचं, आवारात शिरलेली डुकरं हाकलायची, दुसऱ्या गावच्या पोरांशी मैदानावर भांडण झालं तर पुढे व्हायचं, या सगळ्याला तोच लागतो. एकीकडे गुंड म्हणायचं आणि दुसरीकडे गुंडाची कामं त्याच्याकडूनच करून घ्यायची!

दिवाळी झाली की मुलगा टोळीबरोबर जातो. हंगामी वसतिगृहाची सोय असली आणि घरात सांभाळणारी आजी असली तर मागे राहतोही. नसली तर जातो, धाकट्या बहिणीला सांभाळतो, उसाचं वाढं गोळा करतो. मार्चमध्ये परत येतो तेव्हा पुस्तक कितीतरी धडे पुढे गेलेलं असतं. हजेरीपटावर त्याच्या नावासमोर गैरहजेरीची लांबलचक ओळ असते. ती ओळ बापानं घेतलेल्या उचलीची आहे, पण वर्गात ती त्याच्या चालचलणुकीच्या खात्यावर जमा होते. "आले का साहेब!" असं स्वागत होतं. त्या दिवशी तो मागच्या बाकावर जाऊन बसतो. त्याला तिथं कोणी बसवलेलं नसतं.

नववीत पहिल्याच आठवड्यात तो शिट्टी मारतो. या वेळी खरोखर त्यानंच मारलेली असते.

लेमर्टचा सगळा सिद्धान्त या दोन शिट्ट्यांच्या मधल्या अंतरात आहे. जुलैतल्या नकलेला तो प्राथमिक विचलन म्हणतो. त्याची कारणं शंभर असू शकतात: भूक, कंटाळा, भाषा, वय, नुसता खोडकरपणा. अशा गोष्टी सगळेच करतात आणि बहुतेकांच्या त्या विरून जातात, कारण करणारा स्वतःला त्यावरून ओळखत नाही. नववीतली शिट्टी मात्र दुय्यम विचलन आहे. तिचं कारण भूक किंवा कंटाळा उरलेलं नाही. लोकांनी आपल्याला जे ठरवलं त्याच्याशी जुळवून घेण्याची, त्याच्या आडोशानं जगण्याची ती रीत आहे. मूळ कारणं मागे पडलेली असतात. कदाचित नाहीशीही झालेली असतात. आणि इथंच शिक्षेचं गणित बदलतं. पहिल्या पायरीवर शिक्षा झाली तर खोडी महाग पडते आणि बहुधा थांबते. दुसऱ्या पायरीवर शिक्षा हेच भूमिकेचं खाद्य होतं. बाहेर काढलं तर त्याला हवं ते मिळालं. सगळ्या शाळेसमोर परिपाठाला उभं केलं तर त्याचा सत्कारच झाला. आपण म्हणतो, "एवढी शिक्षा करूनही सुधारत नाही." 'एवढी करूनही' ऐवजी 'एवढी केल्यामुळे' असं एकदा म्हणून बघावं.

लेमर्टच्या आधी, १९३८ साली, फ्रँक टॅनेनबाउम यानं हेच निराळ्या अंगानं मांडलं होतं. हा गृहस्थ स्वतः तरुणपणी, १९१४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये बेकारांना घेऊन चर्चमध्ये आसरा मागायला गेला म्हणून वर्षभर तुरुंगात राहून आलेला. त्याचं निरीक्षण असं, की काचा फोडणं, गाड्यावरची फळं पळवणं हे पोरांच्या लेखी खेळ असतं, मोठ्यांच्या लेखी उपद्रव. त्यांचा झगडा सुरुवातीला त्या कृत्यावरून असतो. मग हळूहळू बोट कृत्यावरून सरकतं आणि मुलावर येतं. काल 'हे वाईट' होतं, आज 'हा वाईट'.

हे सरकणं कुठं होतं? वर्गात कमी, शिक्षकांच्या खोलीत जास्त. डेव्हिड हारग्रीव्ह्ज आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांत बसून शिक्षकांचं बोलणं टिपलं. १९७५ साली त्यावर पुस्तक काढलं. त्यांना तीन टप्पे दिसले. पहिल्यात शिक्षक अंदाज बांधतो: कपडे, बोलणं, कोणाचा भाऊ, आधीच्या शाळेतून काय ऐकलं. हा अंदाज कच्चा असतो आणि शिक्षकालाही ते ठाऊक असतं. साठ पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला असे अंदाज बांधावेच लागतात, त्यात पाप नाही. दुसऱ्या टप्प्यात अंदाज पडताळला जातो, पक्का होतो किंवा बदलतो. तिसऱ्यात तो थिजतो. तिथून पुढे मुलाचं वागणं बघून मत बनत नाही. मत आधी असतं, वागणं त्यात बसवलं जातं.

तिसरा टप्पा आला हे ओळखायची एक सोपी खूण आहे. मुलगा चांगला वागला तर आपल्याला काय वाटतं ते पाहावं. हा मुलगा एखाद्या दिवशी शांत बसून वही लिहीत असला आणि सरांच्या तोंडून निघालं, "आज काय शिजतंय रे?" की समजावं, मत थिजलं. वर्गपाठ बरोबर आला तर "कोणाचं बघून लिहिलंस?" मित्राला उठवायला हात दिला तर "ढकललंस ना?" आता या मुलाला आपली बाजू सिद्ध करायला कोणताच पुरावा उरलेला नाही. वाईट वागला तर पुरावा, चांगला वागला तर कावा. ओढाळ जनावराच्या गळ्यात लोढणं बांधतात. मग ते आपल्याच बांधावर चरत असलं तरी येणाराजाणारा हटकतो, कारण त्याला जनावराच्या आधी लोढणं दिसतं.

आता आपल्या मराठवाड्याची अशी एक बाब सांगतो, जी लेमर्टच्या उदाहरणात नव्हती. त्याचा मुलगा निदान पहिली खोडी तरी स्वतः काढतो. आपल्याकडे काही मुलं खोडी काढायच्या आधीच शिक्का घेऊन शाळेत येतात. १८७१ च्या कायद्यानं ब्रिटिश सरकारनं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. नोंद व्हायची ती कृत्याची नव्हे, जन्माची. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला, त्या जमातींना 'विमुक्त' म्हटलं गेलं. पण शिक्के मारायची सवय कायद्याबरोबर गेली नाही. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जमातीचं नाव नव्हतं, पण पोलिसांची नजर पुन्हा त्याच वस्त्यांवर राहिली. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपण सगळ्यांनी ते वाचलं आहे, तेव्हा जन्मानं गुन्हेगार ठरलेल्या घरातलं पोर शाळेची पायरी चढतं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगत नाही.

हॉवर्ड बेकर या अभ्यासकानं १९६३ साली एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली होती. नियम मोडणारा आणि 'मोडणारा' म्हणून ओळखला जाणारा, या दोन वेगळ्या याद्या आहेत. मोडूनही नामानिराळे राहणारे असतात, आणि न मोडता नाव लागलेलेही. आपल्या वर्गात पैसे हरवले तर दप्तरं कोणाची आधी तपासली जातात, हे ज्यानं त्यानं मनात आठवावं. मामलेदाराच्या मुलाची नाही. त्यानं घेतले असले तरी तो 'मस्करी करत होता'. वस्तीवरच्या पोरानं घेतले नसले तरी 'अजून सापडले नाहीत' एवढाच अर्थ निघतो.

या सिद्धान्ताच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर मी शिक्षकांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून परत जाईन. पहिली मर्यादा ही, की तो पहिल्या खोडीचं कारण सांगत नाही. मुलगा मुळात का बिथरला याचं उत्तर घरात, पोटात, कानाच्या आजारात, कुठेही असू शकतं. दुसरी अशी, की शिक्का बसला म्हणजे मुलगा बिघडलाच असं नाही. पुष्कळ पोरं दहावीनंतर शिक्का शाळेतच टाकून जातात आणि नीट संसार करतात. तिसरी मर्यादा जास्त बारकाईनं समजून घ्यायची आहे. शिक्षकांचा अंदाज पुष्कळदा बरोबरही असतो, त्यामुळे अपेक्षेनंच मूल तसं झालं असं दर वेळी म्हणता येत नाही. रोझेन्थल आणि जेकबसन या संशोधकांनी १९६८ साली दाखवलं, की शिक्षकांच्या अपेक्षा उंचावल्या की मुलांची बुद्ध्यंक-चाचणीतली कामगिरी सुधारते. त्या प्रयोगाचा फार गाजावाजा झाला, आणि त्याच्या पद्धतीवर टीकाही तितकीच झाली. पुढच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केल्यावर असं दिसलं, की अपेक्षांचा परिणाम खरा आहे पण सहसा लहान आहे. मात्र जे गट आधीच हिणवले गेले आहेत त्यांतल्या मुलांवर तो मोठा असण्याची शक्यता आहे. म्हणजे मामलेदाराच्या पोराला आपण वांड म्हटलं तर घरी त्याला कोणीतरी लाडानं 'बाळ' म्हणणार आहे. एक नाव दुसऱ्याला खोडून काढतं. तांड्यावरच्या पोराला शाळा, पोलीस, बाजार आणि मुकादम सगळे एकाच सुरात बोलताना ऐकू येतात.

मग करायचं काय? काही अभ्यासकांनी म्हटलं, शक्य तितकं मुलांच्या वाटेला जाऊच नका, आपोआप निवळतील. मला हे पटत नाही. मागच्या बाकावरून रोज ज्याला टपल्या खाव्या लागतात त्या बारक्या मुलाला हे कसं सांगणार? खोडीला आवर घालायलाच हवा. प्रश्न एवढाच आहे, की आवर कृत्याला घालायचा की माणसाला.

कायद्यानं यातला अर्धा भाग उरकला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. २०१५ चा बालन्याय कायदा तर खरोखरीच्या गुन्ह्यात सापडलेल्या मुलाबद्दलही कलंक लावणारे शब्द वापरू नका म्हणतो, आणि प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही असंही सांगतो. गंमत अशी, की आपला शाळा सोडल्याचा दाखलाही निर्दोष असतो. 'वर्तणूक' या रकान्यात बहुतेक सगळ्यांच्या नावापुढे 'चांगली' लिहिलेलं असतं, वांडाच्याही. शिक्का कागदावरून प्रवास करतच नाही. तो जूनमध्ये, शाळा उघडताना, चहाच्या कपाबरोबर एका वर्गशिक्षकाकडून दुसऱ्याकडे जातो: "तुमच्या वर्गात तो आलाय बरं का, सांभाळा." त्याला कोणतं कलम लागत नाही.

म्हणून माझी सूचना त्या चहाच्या वेळेपुरतीच आहे. बोलायचंच असेल तर विशेषणं वगळून बोलावं. "गणिताच्या तासाला तीनदा बाहेर काढला, तिन्ही वेळा त्याला फळ्यावर बोलावलं होतं. दिवाळी ते मार्च नव्हता. भागाकारापाशी अडलाय. बाकं हलवायला सांगितलं की मनापासून करतो." यात एकही विशेषण नाही, आणि नव्या शिक्षकाला काय करायचं ते समजतं: फळ्यावर बोलावण्याआधी मधल्या सुट्टीत भागाकार शिकवायचा. 'वांड आहे' या दोन शब्दांतून त्याला एवढंच समजलं असतं, की पहिल्या दिवशी आवाज चढवायचा. मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत 'सुधारणा आवश्यक' असा रकाना असतोच. तिथंही 'बेशिस्त' असं न लिहिता काय घडलं, कोणत्या तासाला घडलं, त्याच्या आधी काय झालं होतं, हे लिहिता येतं. अशा दहाबारा नोंदी जमल्या की कित्येकदा दिसतं, की गोंधळ दिवसभर नाही, एकाच तासाला होतो. क्वचित असंही दिसतं, की एकाच सरांच्या तासाला होतो.

जो मुलगा दुसऱ्या पायरीवर पोचलेला आहे त्याच्याबाबतीत मात्र एवढ्यानं भागत नाही. शिक्षकानं मत बदललं तरी मागच्या बाकाचं मत बदललेलं नसतं. त्या बाकाला त्याची शिट्टी हवी असते. तो पंधरा दिवस नीट वागला तर सोबतीच "घाबरला का रे?" म्हणून डिवचतात, आणि सोळाव्या दिवशी तो काहीतरी करतोच. अनुभवी शिक्षक तो सोळावा दिवस धरूनच चालतात. त्या दिवशी शिक्षा करायची, पण तेवढ्याच कृत्याची, बाकीच्यांना होते तेवढीच आणि शक्यतो चार भिंतींच्या आत, प्रेक्षक नसताना. 'शेवटी जातीवर गेलास' हे वाक्य त्या दिवशी गिळायचं. आणि त्याच आठवड्यात त्याला असं काहीतरी काम द्यायचं ज्यात अंगाची ताकद लागत नाही: हजेरी मांडणं, प्रयोगवहीतल्या आकृत्या, वाचनालयाची चावी. चावी हरवली तर ती कोणाकडूनही हरवते तशी हरवली असं धरून दुसरी करून घ्यायची.